इलेक्ट्रिक गाडी आत्ता घ्यावी की थांबावे : जवळपास वर्षभराच्या वापरानंतर मांडलेला हिशेब

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून ओळखीपाळखीतले लोक मला गाडीविषयी फारसे विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न असतो तो न घेतलेल्या गाडीविषयी. बॅटरी स्वस्त होणार आहे, आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली सॉलिड-स्टेट येणार आहे, लिथियमऐवजी सोडियमची येणार आहे, मग आणखी दोन वर्षे थांबले तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर बातम्यांमधून मिळत नाही. ते आपल्या महिन्याच्या किलोमीटरमधून आणि पार्किंगमधल्या वायरिंगमधून मिळते. म्हणून गाडीचे गुणवर्णन बाजूला ठेवून, पुण्यात राहून रोज हिंजवडीला ये-जा करणाऱ्या आणि अधूनमधून मुंबईला जाणाऱ्या माझ्यासारख्याचा हिशेब येथे मांडत आहे. गाडी चार मीटरच्या आतली, साधारण ४५ युनिटच्या बॅटरीची आहे. बॅटरीची क्षमता ज्या किलोवॉट-तासांत सांगतात, तो एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिटच, म्हणून पुढे सगळीकडे युनिट हाच शब्द वापरतो.

प्रथम थांबण्याच्या बाजूने जे खरे आहे ते सांगतो. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा तिची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत १३.९९ लाख रुपये होती आणि बॅटरी ३०.२ युनिटची होती. त्याच गाडीची ४५ युनिटची आवृत्ती सप्टेंबर २०२४ मध्ये आली, तीही १३.९९ लाखांपासून. पाच वर्षेही पूर्ण झाली नसताना तेवढ्याच पैशांत दीडपट बॅटरी मिळू लागली, आणि मधल्या काळात महागाई वाढलेली असल्याने प्रत्यक्षातला फायदा त्याहूनही मोठा ठरतो. तेव्हा थांबणाऱ्यांना काहीच मिळाले नाही असे कोणी म्हणत असेल, तर ते खरे नाही.

मात्र ही घसरण सरळ रेषेत झालेली नाही. ब्लूमबर्गएनईएफ ही संस्था दरवर्षी बॅटरी पॅकची जगभरची सरासरी किंमत जाहीर करते. लिथियम महागल्यामुळे २०२२ मध्ये ती किंमत उलट वाढली होती. २०२३ मध्ये ती युनिटमागे १३९ डॉलर होती, २०२४ मध्ये ११५ वर आली आणि २०२५ मध्ये १०८ च्या आसपास राहिली. आता हेच आकडे आपल्या गाडीला लावून पाहू. ४५ युनिटच्या पॅकची किंमत या हिशेबाने सव्वाचार ते साडेचार लाख रुपये होते. २०२४ ची मोठी घसरण पूर्णपणे ग्राहकाच्या पदरात पडली असे धरले, तर ती गाडीमागे नव्वद हजारांच्या घरात जाते. २०२५ ची घसरण मात्र अठ्ठावीस-तीस हजारांचीच भरते. कंपन्या हा फायदा रोख सवलत म्हणून क्वचितच देतात. बहुतेक वेळा त्याच किमतीत थोडी मोठी बॅटरी किंवा चार जास्तीच्या सोयी मिळतात. थोडक्यात, या आकाराच्या गाडीसाठी वर्षभर थांबण्याची कमाई बरे वर्ष असेल तर नव्वद हजार, साधारण वर्ष असेल तर तीस हजार.

आता थांबण्याची किंमत काढू. माझे महिन्याचे किलोमीटर दीड हजारांच्या आगेमागे होतात. याच आकाराची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी पुण्याच्या गर्दीत लिटरला तेरा किलोमीटर देते असे धरले आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर किलोमीटरला आठ रुपये पडतात, म्हणजे महिन्याला बारा हजार. माझी गाडी भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर सरासरी सहा किलोमीटर जाते. भिंतीतून असे मुद्दाम म्हणतो, कारण डॅशबोर्डवर दिसणारा पावणेसातच्या आसपासचा आकडा बॅटरीतून बाहेर पडलेल्या विजेचा असतो. चार्ज होताना चार्जरमध्ये आणि बॅटरीत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारे दहा-बारा टक्के त्यात धरलेले नसतात, बिल मात्र त्यांचेही येते. दीड हजार किलोमीटरला अडीचशे युनिट लागतात. चार्जिंगसाठी वेगळे मीटर घेतल्यामुळे मला युनिट सगळे आकार धरून नऊ रुपयांच्या जवळपास पडते, म्हणजे महिन्याला सव्वादोन हजार. मुंबईच्या फेऱ्यांत बाहेरचे महाग चार्जिंग होते ते मिळवूनही खर्च तीन-साडेतीन हजारांच्या पुढे जात नाही. वर्षाची बचत एक लाखाच्या घरात जाते.

म्हणजे माझ्याइतकी गाडी चालवणारा माणूस वर्षभर थांबला, तर बॅटरी स्वस्त होऊन जे मिळण्याची शक्यता आहे, तेवढे किंवा त्याहून अधिक तो पेट्रोल पंपावर देऊन बसतो. हाच हिशेब महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्यासाठी केला तर बचत पस्तीस हजारांवर येते आणि पारडे थांबण्याकडे झुकते. निवृत्त गृहस्थ, घरून काम करणारे, किंवा रोज मेट्रोने जाऊन केवळ शनिवार-रविवारी गाडी काढणारे यांनी घाई करावी असे मला मुळीच वाटत नाही. त्यांची जुनी गाडी धडधाकट असेल तर तिच्याइतकी स्वस्त गाडी दुसरी नाही.

या हिशेबात दोन गोष्टी बॅटरीच्या बाहेरच्या आहेत, आणि त्या बॅटरीपेक्षा लवकर बदलू शकतात. पहिली गोष्ट कराची. इलेक्ट्रिक गाडीवरचा जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक उपकर यावरून थेट १८ टक्क्यांवर आला आणि दोन्हींवरच्या करांमधले अंतर एका रात्रीत कमी झाले. पेट्रोल गाडी स्वस्त झाली, इलेक्ट्रिकची किंमत होती तेथेच राहिली. दुसरी गोष्ट राज्याची. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे आणि ते धोरण मार्च २०३० पर्यंतचे आहे. बारा लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा कर १२ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार रुपये होतो, त्यामुळे शोरूममध्ये अडीच-तीन लाखांचा दिसणारा फरक ऑन-रोड किमतीत एक-दीड लाखावर येतो. त्याच धोरणातली टोलमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर सुरू झाली. बॅटरी तीन वर्षांनी स्वस्त होईलही, परंतु त्या वेळी या सवलती अशाच असतील याची खात्री कोणी देत नाही. बॅटरीच्या भावाची वाट पाहणारा माणूस नकळत सरकारी धोरणावरही पैज लावत असतो.

आता ज्या गोष्टीने माझा या गाडीचा अनुभव खऱ्या अर्थाने ठरवला त्या गोष्टीकडे येतो, म्हणजे पार्किंगमधल्या चार्जिंगकडे. गाडीसोबत १५ अँपिअरच्या प्लगवर चालणारा चार्जर मिळतो आणि तो तासाला तीन युनिटच्या आतबाहेर भरतो. रोजच्या चाळीस-पन्नास किलोमीटरला ते पुरेसे असते. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर घ्यायचा असेल, तर ३२ अँपिअरचा प्रवाह सहा-सात तास सलग वाहणार असतो, आणि घरातल्या दुसऱ्या कोणत्याही उपकरणाला अशी सवय नसते. आमच्या सोसायटीत मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत चाळीस मीटरच्या आसपास केबल ओढावी लागली. वायरमन सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकायला निघाला होता. इतक्या अंतरावर तिच्यात व्होल्टेज पडते आणि ती तापते, म्हणून दहाची टाकून घेतली. चाळीस अँपिअरचा एमसीबी, गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी, केबल आणि मजुरी मिळून चाळीस हजारांच्या वर खर्च आला. गाडीची किंमत सांगणाऱ्या कोणत्याही पत्रकात हा आकडा दिसत नाही.

यातही केबलपेक्षा अर्थिंगने जास्त त्रास दिला. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात चार्जर निमूटपणे चालत होता. एप्रिल उजाडला आणि रात्री लावलेली गाडी सकाळी अर्धवट भरलेली, चार्जरवर लाल दिवा लागलेला, असे वरचेवर घडू लागले. गाडीत दोष असावा असे समजून सर्व्हिस सेंटरला फेरी झाली, तेथे काहीही निघाले नाही. अखेर वायरमनने पार्किंगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांमधले व्होल्टेज मोजले. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवे, तेथे संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर एसी सुरू झाले की आठ-नऊपर्यंत चढत होते. इमारतीचा अर्थिंगचा जुना खड्डा उन्हाने कोरडा पडला होता, आणि ओल नसली की मातीचा विरोध वाढतो. चार्जर बंद पडत होता तो आपल्याला वाचवण्यासाठी. रासायनिक भरणाचा नवा खड्डा घेतला आणि तक्रार संपली. ज्यांच्या इमारती वीस-पंचवीस वर्षांच्या आहेत त्यांनी बुकिंगच्या आधी हे मोजमाप करून घ्यावे. दहा मिनिटांचे काम आहे, आणि नव्या तंत्रज्ञानाची बॅटरी आली तरी खड्डा तोच राहणार आहे.

सोसायटीची परवानगी मिळायलाही वेळ लागला. समितीची भीती आगीची होती आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वेगळे मीटर, वेगळी केबल आणि आरसीसीबी यांचा आराखडा कागदावर दिल्यावर बैठक सुरळीत पार पडली. ज्यांना स्वतःचे ठरलेले पार्किंगच नाही, ज्यांची गाडी रस्त्यावर उभी राहते, त्यांना माझे मत स्पष्ट आहे की त्यांनी थांबावे. बाहेरच्या जलद चार्जरवर युनिटचा दर १८ टक्के जीएसटी धरून वीस-पंचवीस रुपयांच्या पट्ट्यात पडतो. म्हणजे महिन्याचा खर्च सव्वादोन हजारांवरून सहा हजारांवर जातो, आणि आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास चार्जरपाशी जातो तो वेगळाच. तेथे बचतही बरीच कमी होते आणि माणूसही वैतागतो.

रेंजविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. जाहीर केलेल्या आकड्याचे शहरात सत्तर टक्के आणि महामार्गावर ताशी शंभरने साठ टक्क्यांच्या खाली, असे धरून चालावे. घाटाचा हिशेब मात्र सांगण्यासारखा आहे. मुंबईहून येताना खोपोली सोडल्यावर खंडाळ्यापर्यंत गाडी सुमारे पाचशे मीटर उंच चढते. माणसे आणि सामान धरून पावणेदोन टनांची गाडी तेवढी उंच नेण्यालाच अडीच युनिट लागतात, आणि ते कितीही सावकाश चालवले तरी लागतातच. रस्त्याचे घर्षण आणि हवा यांचे त्यात मिळवून तेरा-चौदा किलोमीटरच्या घाटात साडेचार-पाच युनिट, म्हणजे बॅटरीचे दहा-अकरा टक्के उतरतात. उलट जाताना तोच घाट उतरताना मोटर जनित्र होते आणि खाली पोहोचेपर्यंत टक्का-दीड टक्का वाढलेला दिसतो. दादरहून निघताना पडद्यावर दिसणारे उरलेले किलोमीटर सपाट रस्त्याचे असतात. घाटासाठी दहा टक्के मनातल्या मनात वजा केले की मग धाकधूक राहत नाही.

महामार्गावरच्या चार्जरची स्थिती बरी म्हणावी अशी आहे, निर्धास्त म्हणावी अशी नाही. अॅपमध्ये उपलब्ध दिसणारी चार्जरची गन प्रत्यक्षात बंद असणे, प्रत्येक कंपनीच्या अॅपच्या वॉलेटमध्ये आपले शे-दोनशे रुपये अडकून राहणे, साठ किलोवॉटच्या चार्जरला दोन गाड्या लागल्या की तीस-तीसची वाटणी होणे, हे सगळे नित्याचे आहे. मे महिन्याच्या दुपारी बॅटरी आधीच तापलेली असल्यामुळे गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग उतरवते, त्यामुळे चाळीस मिनिटांचे काम तासावर जाते. सलग सुट्ट्यांच्या दिवसांत मी एक्स्प्रेसवेवर चार्जरच्या रांगेत उभे राहण्याऐवजी मुंबईत मुक्कामाच्या जागी १५ अँपिअरचा प्लग शोधतो. रात्रभरात तो परतीपुरते भरून देतो.

बॅटरीबद्दल सगळ्यात जास्त भीती असते ती झिजण्याची. माझ्या गाडीतली बॅटरी लोह-फॉस्फेट प्रकारची, ज्याला एलएफपी म्हणतात ती आहे. या गटातल्या बहुतेक भारतीय गाड्यांत आज तीच येते. तिच्यात निकेल आणि कोबाल्ट नसतात, वजनाच्या मानाने ती थोडी कमी साठवते, पण अडीच-तीन हजार वेळा पूर्ण भरून-रिकामी होण्याची तिची क्षमता असते. चाळीस युनिट हाताशी येतात असे धरून एका पूर्ण भरण्याला अडीचशे किलोमीटर मोजले, तर दोन हजार वेळांचे पाच लाख किलोमीटर होतात. आपल्यापैकी कोणाचीही गाडी तेथवर जात नाही. तिला त्रास होतो तो उन्हाचा, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत दिवसच्या दिवस उन्हात उभी राहण्याचा. म्हणून गावी जाताना गाडी पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवतो.

तिची एक खोड मात्र माहीत असावी. या रसायनाचे व्होल्टेज वीस टक्क्यांपासून नव्वदपर्यंत जवळजवळ सारखेच राहते, त्यामुळे नेमके किती उरले आहे हे गाडीला व्होल्टेजवरून ओळखता येत नाही. आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली याची बेरीज-वजाबाकी करून ती अंदाज बांधते, आणि हा अंदाज हळूहळू चुकत जातो. पूर्ण शंभर टक्के भरल्यावर व्होल्टेज एकदम चढते, तेव्हा तिला पुन्हा पक्का आकडा मिळतो. मी बराच काळ ऐंशीलाच चार्जिंग थांबवत असे. मग एका संध्याकाळी बाणेरजवळ पडद्यावरचे चौदा टक्के सिग्नलला उभे असतानाच आठ झाले. तेव्हापासून आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरतो, आणि तो प्रकार परत दिसला नाही. बॅटरी खराब झाली म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी काही अशाच असतात.

मग नव्या बॅटऱ्यांचे काय? सॉलिड-स्टेट बॅटरीची गाडी २०२० च्या दशकाच्या सुरुवातीला आणू असे टोयोटाने २०१७ मध्ये सांगितले होते. २०२३ मध्ये त्याच कंपनीने २०२७-२८ चे वर्ष सांगितले. अडचण तंत्र सापडण्याची नसून कारखान्यात लाखोंच्या संख्येने, परवडेल अशा दरात आणि तडे न जाता आतले घन पदार्थाचे थर बनवण्याची आहे. ती सुटली तरी सुरुवातीला अशा बॅटऱ्या महाग गाड्यांत जातील. पंधरा लाखांचे बजेट असलेल्याने त्यांच्यासाठी थांबणे म्हणजे दुसऱ्याच्या गाडीसाठी थांबणे होय. सोडियमचे तसे नाही. चीनच्या सीएटीएलने आपली पहिली सोडियम-आयन बॅटरी २०२१ मध्ये जाहीर केली, एप्रिल २०२५ मध्ये किलोला १७५ वॉट-तासांची पुढची आवृत्ती दाखवली, आणि हा आकडा एलएफपीच्या जवळ जाणारा आहे. तिचा मोठा गुण कडाक्याच्या थंडीत दिसतो, आपल्याकडे त्याचे फारसे अप्रूप नाही. स्वस्ताईसाठी ती लहान, शहरापुरत्या गाड्यांत आली तर मला आश्चर्य वाटणार नाही. ज्यांना आठ-नऊ लाखांतली दुसरी गाडी हवी आहे, त्यांना थांबण्याचे कारण मोठ्या गाडीवाल्यांपेक्षा अधिक आहे.

तंत्रज्ञानाची प्रगती आज गाडी घेतलेल्याला वेगळ्याच जागी बोचते, ती पुनर्विक्रीत. नव्या गाडीत तेवढ्याच पैशांत दीडपट बॅटरी मिळत असेल, तर जुनीला भाव कोण देईल? दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने हा तोटा हिशेबात धरलाच पाहिजे, आणि तो धरल्यावर माझी लाखाची वार्षिक बचत त्याला बरीचशी कमी भासेल. मी गाडी आठ-दहा वर्षे ठेवणाऱ्यांपैकी आहे. बॅटरीला आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, तेव्हा ती काळजी मला नाही. ज्यांना हा धोका स्वतःवर घ्यायचा नाही त्यांच्यासाठी बॅटरी भाड्याने देण्याची योजना आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ९.९९ लाख रुपये आणि बॅटरीसाठी किलोमीटरला साडेतीन रुपये अशी आली. साडेतीन रुपये भाडे आणि दीड रुपया वीज मिळून पाच रुपये होतात, म्हणजे पेट्रोलपेक्षा तीन रुपये कमी. महिन्याचे किलोमीटर वाढतील तसे भाडेही वाढते, तेव्हा फार चालवणाऱ्याने बॅटरीसह गाडी घेणेच बरे.

याच पुनर्विक्रीच्या घसरणीचा दुसरा अर्थ असा की, दोन-तीन वर्षे वापरलेली इलेक्ट्रिक गाडी आज नव्याच्या मानाने बरीच स्वस्त मिळते. थांबावे की घ्यावे या पेचात असलेल्या माझ्या मामेभावाला मी तोच मार्ग सुचवला. तशी गाडी पाहताना तिचे धावलेले किलोमीटर पाहण्यापेक्षा बॅटरी किती उरली आहे ते मोजावे. गाडी आधी शंभर टक्के भरून घ्यावी, म्हणजे तिचा आकडा ताळ्यावर येतो, आणि मग वीस टक्क्यांपर्यंत चालवावी. नंतर युनिट मोजणाऱ्या चार्जरवर पुन्हा शंभरपर्यंत भरावी. किती युनिट गेले ते लिहून त्यातून दहा टक्के तूट वजा करावी आणि उरलेल्याला ०.८ ने भागावे. ३० युनिटच्या गाडीत २४ युनिट मोजले गेले, तर तूट जाऊन २१.६ उरतात आणि त्यावरून पूर्ण क्षमता २७ येते, म्हणजे बॅटरी नव्वद टक्के शाबूत आहे. आकडा ऐंशीच्या खाली आला, तर वॉरंटी किती टक्क्यांवर लागू होते आणि ती दुसऱ्या मालकाला मिळते का, हे कागदावर वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी कधी बदलली तेही विचारावे. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडीचे दारसुद्धा रिमोटने उघडत नाही, आणि ती बदलायला चार-पाच हजारच लागतात.